सल्ला सदर: मुकादमाने बायका गोळा करून दिल्या, आता पुढे काय?

पत्र

मी पुण्यात एम.ए. करते. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनवर माझा प्रबंध आहे आणि त्यासाठी बीड जिल्ह्यातल्या बारा बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. चार झाल्या. ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या एका मुकादमाने बायका बोलावून दिल्या, मी संमतीपत्र वाचून दाखवलं, दोघींनी सही केली, दोघींनी अंगठा दिला. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. लिहिताना नावं बदलली आणि गावाचं नाव काढून टाकलं. आता त्यातल्या एकीचा फोन आला, 'आमच्या मालकाला कळणार तर नाही ना?' दुसरी म्हणते, माझं नाव आणि फोटो छापलाच पाहिजे. आणखी दोघी तयार आहेत, पण कागदावर सही करायला नको म्हणतात. सर म्हणतात सहीशिवाय चालणार नाही. दसऱ्यानंतर टोळ्या निघून जातील. मी काय करू?

उत्तर

फोन आलेल्या बाईपासून सुरुवात करू, कारण तुमच्या सगळ्या अडचणी तिच्या एका वाक्यात आल्या आहेत. तिने विद्यापीठाचं, वाचकांचं किंवा सरकारचं नाव काढलं नाही, मालकाचं म्हणजे नवऱ्याचं काढलं. पुण्यातल्या वाचकाला ती कोण हे कळलं तरी तिचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते नवरा, सासू, जाऊ, मुकादम आणि ऑपरेशन केलेला डॉक्टर या पाच-सहा जणांना कळलं तर. हे सगळे तिला आधीपासून ओळखतात, तिच्या आयुष्यातले तपशील त्यांना पाठ आहेत आणि नाव बदलल्याने त्यांना काहीही फरक पडत नाही. म्हणून ओळख कशी लपवायची याआधी ती कोणापासून लपवायची हे ठरवा. प्रत्येक बाईसाठी ही यादी वेगळी असेल आणि ती तिनेच सांगायची आहे. मुलाखतीच्या आधी तिला साध्या शब्दांत विचारा: 'तुम्ही माझ्याशी हे बोललात हे कोणाला कळलेलं चालणार नाही?' तिच्या उत्तरावर पुढची जागा, वेळ, फोन आणि लिखाण हे सगळं अवलंबून राहील.

हा प्रश्न पहिल्या चौघींना विचारला गेला नाही आणि त्यांना बोलावणारा माणूस मुकादम होता. वाईट माणूस असेलच असं नाही, पण उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्याच्याकडून येते. पुढच्या हंगामात कोणत्या जोडीला टोळीत घ्यायचं हे तो ठरवतो आणि खाडा पडला की दंडही तोच लावतो. त्याने 'या मॅडमशी बोल' म्हटल्यावर ती बाई नाही कशी म्हणणार? कागदावरचा अंगठा तिचा असला तरी होकार मुकादमाचा आहे. शिवाय कोणत्या चौघी बोलल्या हे त्याला आता माहीत आहे. प्रबंधात 'चौघींनी मुकादमाच्या कर्जाबद्दल तक्रार केली' एवढं वाक्य आलं तरी त्याला चौघींचा हिशेब लागतो.

गावात जायचं तर कोणाची तरी परवानगी लागते, हे खरं आहे. ती घ्या, पण त्या माणसाला फक्त दार उघडू द्या. सरपंच, मुकादम, आशाताई यांना विषय सांगताना 'ऊसतोड कुटुंबातल्या बायकांचं आरोग्य' एवढंच सांगा. घरातल्या हिंसाचाराचा अभ्यास करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये काढलेल्या सूचनांमध्येही हीच पद्धत आहे: वस्तीला सर्वसाधारण विषय सांगायचा आणि जिची मुलाखत घ्यायची तिला मात्र पूर्ण खरा. मग लागणाऱ्या बायकांपेक्षा दुप्पट बायकांशी सर्वसाधारण आरोग्यावर थोडं थोडं बोला. त्यातल्या कोणत्या बायकांशी पुढे तासभर बसलात, हे बाहेरच्याला कळू नये. बारा हव्यात तर पंचवीस घरी चहा घ्यावा लागेल. वेळ जातो, पण त्याला इलाज नाही.

आता सहीचं पाहू. या बायकांना कागदाची भीती वाटते ती अडाणीपणामुळे, असं धरू नका. उचलीच्या करारावर, कोऱ्या कागदावर, स्टॅम्पपेपरवर अंगठे देऊन काय होतं हे त्यांनी पाहिलं आहे. त्यातल्या कित्येकींनी ऑपरेशनच्या आधीही न वाचलेल्या कागदावरच अंगठा दिला होता आणि तुमचा विषयही तोच आहे. त्याच विषयाच्या अभ्यासासाठी तसाच अंगठा मागायचा, हे तुम्हालाही पटणार नाही. शिवाय ओळख लपवायची म्हणता, तर बाईचं खरं नाव लिहिलेला एकमेव कागद म्हणजे तुमचं संमतीपत्रच. तुमच्या खोलीतून ते कोणाच्या हाती लागलं तर बाकीची सगळी काळजी वाया जाते.

सरांना सांगा की सहीला पर्याय आहे आणि तो नियमात बसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तोंडी संमतीची सोय आहे: नैतिकता समितीची आधी मंजुरी घ्यायची, संमती तटस्थ साक्षीदारासमोर घ्यायची आणि साक्षीदाराने सही-तारीख करायची. आरोग्यावरच्या सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये तयार झालेली तत्त्वंही वाचून घ्या, ती तुमच्या कामाला जास्त जवळची आहेत. तुमच्या विभागात समिती नसेल तर एक पानी अर्ज करा. सही का घेता येत नाही, तिच्याऐवजी काय करणार, साक्षीदार कोण, हे त्यात लिहा आणि सरांची लेखी मान्यता घ्या. साक्षीदार म्हणून मुकादम, सासू, नवरा चालणार नाहीत. त्याच गावची आशाताईही नको. ती कितीही चांगली असली तरी आरोग्य खात्याशी जोडलेली आहे आणि गावात राहते. दुसऱ्या तालुक्यातली एखादी कार्यकर्ती किंवा वर्गमैत्रीण बरी. ती माहिती सांगण्यापुरती आणि होकारापुरती हजर राहील आणि मुलाखत सुरू होण्याआधी उठून जाईल. तिच्या कागदावर बाईचं नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. क्रमांक 'केज-३' असा देऊ नका, त्यातच गाव आणि क्रम दोन्ही उघडे पडतात. चिठ्ठ्या टाकून कोणतेही आकडे घ्या.

माहिती सांगताना छापील संमतीपत्र वाचू नका. ती भाषा कार्यालयाची असते आणि बाई तिसऱ्या ओळीला मान डोलवायला लागते. साधारण असं बोला, तुमच्या शब्दांत:

'ताई, मी कॉलेजात शिकते. मी सरकारची नाही, कारखान्याची नाही, दवाखान्याची नाही. ज्या बायकांची पिशवी काढली, त्यांना तेव्हा कोणी काय सांगितलं, कसं ठरलं, नंतर तब्येत कशी राहिली, हे ऐकून मी लिहिणार आहे. तासभर लागेल. यातून तुम्हाला भरपाई, योजना, पैसे काही मिळणार नाहीत. आजची मजुरी बुडेल तेवढी मी देते, आणि ती आत्ताच देते. अर्ध्यात उठलात तरी परत घेणार नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर "पुढचं विचार" म्हणा. मी लिहीन ते माझे सर वाचतील, कॉलेजात राहील, पुढे कदाचित छापूनही येईल. तुमचं नाव-गाव नसेल, पण तुमच्या घरच्या माणसाने वाचलं तर त्याला ओळख पटणार नाही अशी शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही. ती पटू नये म्हणून काय काय करणार ते सांगते.'

यातलं भरपाईचं वाक्य गाळू नका. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडमध्ये पाहणी केली. तिच्यात ८२,३०९ बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. घरोघरी येऊन वय, मुलं, ऑपरेशन विचारणारी बाई म्हणजे सरकारी सर्वेवाली, हे समीकरण तिथे पक्कं आहे. बाईने तुम्हाला तशी समजून सगळं सांगितलं तर तो होकार चुकीच्या गोष्टीसाठी दिलेला ठरतो. मजुरी आधी देण्याचं कारणही हेच. शेवटी दिली की बाई पैशासाठी बसून राहते. ती त्या गावातल्या त्या दिवसाच्या रोजाएवढीच असू द्या, जास्त दिली की गरज होकार ठरवते.

सांगून झालं की तिच्याकडूनच ऐका. 'समजलं का?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं, त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी म्हणा, 'घरी जाऊन तुम्ही जावेला सांगितलं की एक बाई आली होती, तर मी कशाला आले होते म्हणून सांगाल?' तिच्या उत्तरात 'फॉर्म भरायला', 'नाव लावायला', 'साहेबाला दाखवायला' असं काही आलं, तर संमती झालेली नाही. पुन्हा सांगा. दोनदा सांगूनही तेच आलं तर चहा पिऊन उठा, मुलाखत घेऊ नका.

होकार एकच नसतो. बोलायला हो, पण रेकॉर्डिंगला नको, असं अनेकींचं असतं. बोलणं, रेकॉर्डिंग, तिचे शब्द जसेच्या तसे छापणं आणि पुढे लेख वगैरे लिहिताना वापरणं, या चार गोष्टी चार वेगळ्या प्रश्नांत विचारा. रेकॉर्डिंगला नाही म्हणाली तर वहीत टिपा, माहिती थोडी कमी येईल एवढंच. मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारा: 'आता जे बोललात त्यातलं काय लिहू नको?' हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, कारण आपण काय सांगून बसलो हे तिला आता माहीत असतं. आणि माघार घ्यायची शेवटची तारीख सांगा, उदाहरणार्थ संक्रांत. 'कधीही माघार घ्या' म्हणायला छान वाटतं, पण प्रबंध जमा झाल्यावर ते खोटं ठरतं.

एक अडचण तुम्ही लिहिलेली नाही, ती येणार हे नक्की. या बायकांपैकी अनेकींची लग्नं लहानपणी झालेली असतात आणि बोलता बोलता घरातल्या आत्ताच्या लहान मुलींचे विषयही निघतात. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं ज्याला कळलं त्याच्यावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे घरात सोळा वर्षांची सून असेल तर तो विषयही कायद्याच्या कक्षेत येतो. वकिलाला अशिलाची गुपितं राखण्याचं जसं संरक्षण आहे तसं संशोधकाला नाही. म्हणून 'तुमचं काहीही बाहेर जाणार नाही' हे वाक्य तुमच्या तोंडी येता कामा नये. सुरुवातीलाच सांगा: 'अठराच्या आतल्या कुणावर अत्याचार झाल्याचं मला कळलं तर कायद्याने मला ते कळवावं लागतं, तेवढं लक्षात ठेवून बोला.' आणि तुमच्या प्रश्नावलीत घरातल्या अल्पवयीन मुलींच्या लग्नाचे, संबंधांचे प्रश्न असतील तर ते काढून टाका. तुमच्या विषयाला ते लागत नाहीत. असं काही कळलंच तर काय करायचं, हे सर आणि एखादी वकीलताई यांच्याशी गावात जाण्याआधी ठरवा.

बाईने स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल, फडावरच्या किंवा मुकादमाच्या, सांगितलं तर तिची ओळख उघड होईल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्यात नुसतं नाव येत नाही, ओळख पटू शकेल असा कोणताही मजकूर येतो.

आता लिखाणाकडे वळू. तुमच्या प्रबंधात साधारण असा उतारा असेल असं समजा (हा मी बनवलेला आहे):

'सुनीता, वय ३१. पंधराव्या वर्षी लग्न, तीन मुली आणि शेवटचा मुलगा. मार्च २०२१ मध्ये कारखान्याहून परतताना तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात गर्भपिशवी काढली. खर्च ३८,००० रुपये, मुकादमाकडून उचल घेऊन. "पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल," असं डॉक्टर म्हणाले. तिच्या मोठ्या जावेचं ऑपरेशनही त्याच आठवड्यात झालं.'

नाव बदललेलं आहे आणि गाव नाही. तरी जाऊ हे पहिल्या वाचनात ओळखेल. मुकादमाला ३८,००० हा आकडा पुरेसा आहे, तो त्याच्या वहीत आहे. डॉक्टरला महिना आणि वय पुरतं. त्यातही २०१९ नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली, त्यामुळे प्रत्येक ऑपरेशनमागे सरकारी कागदही असण्याची शक्यता आहे. आणि गावाला तीन मुलींवरचा मुलगा, दोन जावा, एक आठवडा एवढं कळलं की बस्स.

यातलं काय ठेवायचं? तुमचा मुद्दा ज्यावर उभा आहे ते: कमी वय, कर्ज काढून केलेलं ऑपरेशन, कॅन्सरची घातलेली भीती. बाकीचं धूसर करा. 'तिशीतली बाई, लग्न अठराच्या आत. गेल्या काही वर्षांत हंगाम संपताना खाजगी दवाखान्यात गर्भपिशवी काढली. तीस ते पन्नास हजारांच्या दरम्यानचा खर्च उचलीतून केला. काढली नाही तर कॅन्सर होईल असं तिला सांगण्यात आलं.' जावेचं वाक्य सगळ्यात बोलकं आहे, ते गाळताना जीवावर येईल. तरी गाळा. घरातल्या एकीचं झालं की दुसरीचं होतं, हे निरीक्षण अनेक मुलाखतींत आलं असेल तर दुसऱ्या प्रकरणात, कोणाच्याही नावाला न जोडता लिहा. एकाच घरात आलं असेल तर वापरू नका.

धूसर करणं आणि खोटं लिहिणं यात फरक ठेवा. वय एकतीसचं 'तिशीतली' केलं तर वाचकाची फसवणूक होत नाही. जात बदलली, तालुक्याऐवजी दुसरा जिल्हा टाकला, दोन बायकांची मिळून एक केली तर होते, कारण तुमचे निष्कर्ष त्याच गोष्टींवर बेतलेले असू शकतात. तपशील अस्पष्ट केले आहेत आणि कोणत्या प्रकारचे, हे पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात सांगून टाका.

टोपणनाव ठरवताना खऱ्या नावाचं पहिलं अक्षर टाळा आणि ते नाव तिच्या मुलीचं, नणंदेचं नाही ना, हे तिलाच विचारून घ्या. एकाच टोपणनावाखाली दहा अवतरणं विखुरली की कोणीही ती गोळा करून पूर्ण बाई उभी करू शकतो. नाजूक अवतरणांना नावच देऊ नका, 'एक बाई' पुरे. बोलण्यातली लकबही ओळख देते: एखादीची खास म्हण, एखादी शिवी, नवऱ्याला ती ज्या नावाने हाक मारते ते. तिथे आशय तुमच्या शब्दांत लिहा.

गळती होते ती बहुतेक वेळा अशा जागी, जिथे कोणी बघत नाही. ऋणनिर्देशात 'अमुक गावच्या सरपंचांचे आणि अमुक मुकादमांचे आभार' असं लिहिलं की गावाचं नाव काढून काय उपयोग? परिशिष्टातल्या फोटोत ट्रॅक्टरचा नंबर, कोपीवरचं म्हणजे तळावरच्या झोपडीवरचं प्लास्टिक, हातावरचं गोंदण दिसतं. फोटोच्या फाईलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असू शकतात. दवाखान्याची फाईल बायका स्वतःहून पुढे करतात, तिचा फोटो काढू नका. लागेल ती ओळ वहीत टिपा आणि फाईल परत द्या.

तुमच्या मोबाईलवरही तितकीच नजर हवी. रेकॉर्डिंग आपोआप गूगल ड्राइव्हवर जात असेल तर ती सोय गावात जाण्याआधी बंद करा. शक्यतो साधा व्हॉइस रेकॉर्डर घ्या, नाहीतर फोन विमान मोडवर ठेवा. विमान मोडमुळे मुलाखतीच्या मध्ये फोनही वाजत नाही. त्या रात्रीच फाईल संगणकावर पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये घ्या आणि मोबाईलमधून काढा, 'अलीकडे हटवलेले' या कप्प्यातूनही. व्हॉट्सअॅपवर कुणालाही पाठवू नका. लिहून घेणारी व्यक्ती दुसरी असेल तर ती त्या जिल्ह्यातली नको आणि तिच्याकडून गोपनीयतेचं लेखी घ्या. लिहून झालं की नावं काढलेला मजकूर ठेवा आणि आवाज पुसा. क्रमांक आणि खरं नाव यांची जोडी एका कागदावर, संगणकापासून लांब, कुलपात ठेवा. माघारीची तारीख उलटली की तो कागद फाडून टाका.

बाईचा नंबर 'गर्भपिशवी २' अशा नावाने सेव्ह केला असेल तर आत्ताच बदला. कॉलर ओळखणाऱ्या काही अॅपमध्ये फोनमधली नावं वर चढतात आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसू शकतात. शक्यतो तुम्ही फोन करूच नका, तिला करू द्या. करावाच लागला आणि नवऱ्याने उचलला तर काय बोलायचं ते तिच्याशी आधी ठरवलेलं असावं: 'बचत गटाच्या मीटिंगचं विचारायचं होतं,' असं काहीतरी, ते तिच्या घरात खपेल असं.

मुलाखतीची जागाही तिलाच विचारा. हंगामात कारखान्याच्या तळावर जाऊ नका. पहाटे अंधारात फडात जाणारी आणि रात्री गाडी भरणारी बाई तिथे तासभर कुठून आणणार, आणि कोपीच्या भिंतीतून शेजारच्या कोपीत सगळं ऐकू जातं. गावातही घर बहुतेक वेळा चालत नाही. दुपारी नदीकाठ, रान, दुसऱ्या वस्तीतल्या मैत्रिणीचं घर बघा. मध्येच कोणी आलं तर विषय बदलायला मुलांच्या शाळेचे, रेशनचे चार-पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर तयार ठेवा आणि तसं करणार हे तिला आधी सांगा, नाहीतर ती गोंधळते. बोलताना ती गप्प झाली, रडली, तर रेकॉर्डिंग थांबवा आणि आज नको का, असं विचारा. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि महिला हेल्पलाईनचा १८१ हे नंबर तोंडी सांगा. छापील चिठ्ठी देऊ नका, ती घरी सापडते. ऑपरेशननंतर हाडं दुखणं, अंग भाजल्यासारखं होणं असं ती सांगेल. त्यावर सल्ला देऊ नका, उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ असतात एवढी माहिती मात्र आधीच काढून न्या.

नाव छापा म्हणणाऱ्या ताईंचं म्हणणं 'तुम्हाला परिणाम कळत नाहीत' म्हणून उडवून लावू नका. तिच्याबाबतीत एकदा सगळ्यांनी तिच्या वतीने ठरवून झालेलं आहे. पण दोन गोष्टी तिच्यासमोर ठेवा. एक, तिचं नाव आलं की तिच्या टोळीतल्या, घरातल्या बाकीच्या बायकाही उघड्या होतात आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. दुसरी, आज नाव झाकलं तर उद्या उघडता येतं, आज उघडलं तर उद्या झाकता येत नाही. पुढच्या हंगामाची उचल मिळाल्यावर तिला पुन्हा विचारा. तेव्हाही हो म्हणाली तर प्रबंधात नाव घालण्यापेक्षा वेगळा मार्ग सुचवा. उघडपणे आवाज उठवायला महिला किसान अधिकार मंच (मकाम) सारखी संघटना आहे. तिथे ती एकटी पडत नाही. प्रबंध ग्रंथालयात पडून राहतो, तिचा हेतू त्याने साधेल असं नाही. फोटो मात्र कोणत्याही परिस्थितीत प्रबंधात नको.

राहिल्या पहिल्या चौघी. ज्यांचा फोन आला त्या बाईंची मुलाखत आजपासून बाजूला ठेवा. त्यांना परत फोन करू नका. पुढच्या खेपेला त्यांच्या गावी पाच-सहा घरी जा, त्यात त्यांचंही असू द्या, आणि एकट्या भेटल्या की सांगा: 'मुकादमाने बोलावलं म्हणून आलात, तेव्हा नीट विचारता आलं नव्हतं. ते ठेवू की पुसू?' पुसा म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा आणि संमतीचा कागद त्यांच्या हातात द्या. बाकी तिघींनाही हेच विचारा. टोळी निघण्याआधी कोणी भेटलंच नाही तर तिचं एकही अवतरण वापरू नका, आवाज पुसा आणि प्रबंधात संख्या तेवढी कमी करा, चौघीही गळाल्या तर आठवर आणा. सरांनी बारा का नाहीत विचारलं तर पद्धतीच्या प्रकरणात कारण लिहा: पहिल्या चार मुलाखतींची संमती मुकादमामार्फत आली होती, म्हणून त्या वगळल्या.